दोन टप्प्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये डेसिबलची बेरीज का जुळत नाही?

प्रयोगवही

नमस्कार. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या टिपणांत लिहिले आहे की एकापुढे एक जोडलेल्या टप्प्यांच्या गेनचा गुणाकार करावा लागतो, पण तोच गेन डेसिबलमध्ये मांडला तर नुसती बेरीज पुरते. हे ताडून पाहावे म्हणून मी घरी ब्रेडबोर्डवर बीसी ५४७ चे दोन अगदी सारखे कॉमन एमिटर टप्पे बांधले. पुरवठा १२ व्होल्टचा आहे, बेसच्या डिव्हायडरमध्ये ४७ आणि १० किलो-ओहम, कलेक्टरला ४.७ किलो-ओहम आणि एमिटरला १०० ओहम व त्याखाली १ किलो-ओहम असे रेझिस्टर आहेत. त्यांपैकी फक्त १ किलो-ओहमच्या रेझिस्टरला १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर समांतर लावला आहे. टप्प्यांमधला कपलिंग कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आहे. कलेक्टरवर डीसी मोजला तर दोन्हीकडे ६ व्होल्टच्या जवळ येतो.

एकेक टप्पा स्वतंत्रपणे मोजला, तेव्हा १ किलोहर्ट्झच्या ५० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक इनपुटला आउटपुट १.९५ व्होल्ट मिळाले. म्हणजे गेन ३९, डेसिबलमध्ये ३१.८. दुसरा टप्पाही जवळजवळ तंतोतंत तेवढाच आला. मग दोन्ही जोडले. इनपुट फार लहान लागणार हे उघड होते, म्हणून जनरेटरचे २०० मिलिव्होल्ट १० किलो-ओहम आणि १०० ओहमच्या डिव्हायडरमधून घेतले, म्हणजे पहिल्या बेसला १.९८ मिलिव्होल्ट पोहोचतात. बेरजेप्रमाणे एकूण गेन ६३.६ डेसिबल यायला हवा होता आणि आउटपुट ३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे होते. सीआरओवर दिसतात १.६५ व्होल्ट, म्हणजे ८३३ पट, म्हणजे ५८.४ डेसिबल. लाट स्वच्छ आहे, कुठेही कापली जात नाही. मग हे पाच डेसिबल गेले कुठे? बेरजेचा नियम अंदाजापुरताच आहे का?

सहाशे_ओहम

नियमाचे मूळ पाहिले तर उत्तर सापडेल. डेसिबल हे मुळात शक्तीच्या गुणोत्तराचे माप आहे आणि ते टेलिफोनच्या तारांवरून आलेले आहे. व्होल्टेजच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेऊन त्याला २० ने गुणायचे, ही सवलत इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडचा रोध समान असेल तेव्हाच मिळते, कारण तेव्हाच शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात राहते. आपल्या मंडलात कलेक्टरकडून ४.७ किलो-ओहम दिसतात आणि पुढच्या बेसकडून काही वेगळेच. अशा ठिकाणी काढलेले ३१.८ हे खरे डेसिबल नव्हेतच, आणि जे डेसिबल नाहीत त्यांची बेरीज जुळली नाही तर नवल वाटायला नको. समान रोधाचे टप्पे बांधून प्रयोग पुन्हा करावा, बेरीज जुळेल.

जुनी_सोल्डर

प्रयोगवही, आधी एक साधी परीक्षा करून पाहा. डेसिबल पूर्ण बाजूला ठेवा आणि टिपणांतला पहिला नियम वापरा. ३९ गुणिले ३९ म्हणजे १५२१. सीआरओ सांगतो ८३३. म्हणजे गुणाकारही तुम्हाला तितकाच चुकीच्या जागी नेतो, आणि दोन्ही उत्तरांतला फरक डेसिबलमध्ये मांडला तर तोच ५.२ येतो. लॉगॅरिदम गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करतो, याहून अधिक काहीही करत नाही. तेव्हा बेरजेने जी चूक दाखवली ती बेरजेने निर्माण केलेली नाही. दोन्ही पद्धतींत आपण जो आकडा घातला, तो आकडाच जोडलेल्या मंडलातल्या पहिल्या टप्प्याचा नव्हता.

पहिला टप्पा एकटा मोजला तेव्हा त्याच्या कलेक्टरवर सीआरओच्या प्रोबशिवाय काही नव्हते, आणि प्रोबचे १ मेगा-ओहम ४.७ किलो-ओहमपुढे नगण्य आहेत. दुसरा टप्पा जोडताच त्याच कलेक्टरवर नवा भार आला. तो किती आहे, हे आपल्याच रेझिस्टरवरून काढता येते. बेसचा डिव्हायडर एसीसाठी ४७ आणि १० समांतर, म्हणजे सव्वाआठ किलो-ओहमचा आहे. ट्रान्झिस्टरमधून साधारण १.३ मिलिॲम्पिअर वाहतात, त्यामुळे एमिटरचा आतला रोध १९-२० ओहम, त्यात बायपास न केलेले १०० मिळवले की १२० च्या आत-बाहेर. बीटा २५० धरला तर बेसमधून दिसणारा रोध ३० किलो-ओहम होतो. ३० आणि सव्वाआठ समांतर घेतले की दुसऱ्या टप्प्याचा इनपुट रोध साधारण ६.५ किलो-ओहम येतो. बीटा २०० असला तरी हा आकडा सहाच्या थोडाच वर राहतो, कारण इथे खरी सत्ता बेसच्या डिव्हायडरची आहे, ट्रान्झिस्टरची नाही.

आता पहिल्या कलेक्टरचे ४.७ आणि पुढचे ६.५ असा एक डिव्हायडर आपोआप तयार झाला. त्यातून ६.५ भागिले ११.२, म्हणजे ०.५८ एवढाच अंश पुढे पोहोचतो, आणि ०.५८ म्हणजे उणे ४.७ डेसिबल. तुमचे हरवलेले पाच डेसिबल बहुतांशी इथे आहेत. खात्री करायची तर मंडल न तोडता, दोन्ही टप्पे जोडलेले असतानाच, दुसऱ्या बेसवर प्रोब ठेवून तिथले व्होल्टेज मोजा. माझ्या हिशेबाने ४५ मिलिव्होल्टच्या जवळपास यायला हवे. तेवढा आकडा कळला की दोन्ही टप्प्यांचा प्रत्यक्ष गेन वेगळा काढता येईल, आणि मग बेरीज जुळते की नाही ते पाहू.

सहाशे_ओहम यांचा मुद्दा इतिहास म्हणून बरोबर आहे, पण हे पाच डेसिबल त्यामुळे गेलेले नाहीत. त्याबद्दल नंतर लिहितो.

केबलवाला_वाई

मी गेली अनेक वर्षे केबल टीव्हीचे जाळे सांभाळतो आणि दिवसभर डेसिबलची बेरीज-वजाबाकीच करतो. आमच्याकडे हा घोळ होत नाही. ॲम्प्लिफायरच्या इनपुटला ७२ डीबी मायक्रोव्होल्ट आले, गेन ३० असला की आउटपुटला १०२. पुढे ५० मीटर आरजी-६ केबलचे साडेसातशे मेगाहर्ट्झला सव्वानऊ गेले, चार तोंडांच्या स्प्लिटरचे साडेसात गेले, घरापर्यंतच्या ४० मीटरचे आणखी साडेसात गेले, की टीव्हीपाशी ७८ च्या आत उरतात, आणि मीटर लावला तर अर्ध्या-एक डेसिबलच्या फरकाने तेच दिसते. दोन ॲम्प्लिफायर एकापुढे एक असले तरी हिशेब बदलत नाही. तेव्हा मला वाटते की ताईंच्या ब्रेडबोर्डचे जोड सैल असावेत किंवा जनरेटरची तार खराब असावी. पाच डेसिबल जातात तेव्हा आमच्याकडे दहातल्या नऊ वेळा कनेक्टर गंजलेला निघतो.

जुनी_सोल्डर

केबलवाले दादा, आपला हिशेब जुळतो यामागचे कारणच या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्याकडे केबल, स्प्लिटर, ॲम्प्लिफायरची दोन्ही तोंडे आणि मोजणारा मीटर, सगळेच ७५ ओहमचे असते. कारखान्यात ॲम्प्लिफायरचा गेन ३० असा छापला जातो तो आउटपुटला ७५ ओहमचा भार लावून, आणि आपण त्याला पुढे जे काही जोडता तेही ७५ ओहमच असते. म्हणजे मोजताना जो भार होता तोच वापरताना आहे. जोडल्यामुळे नवे काही घडत नाही, म्हणून छापील आकडे तसेच्या तसे मिळवता येतात.

हीच शिस्त मोडून पाहा. त्याच ॲम्प्लिफायरच्या मोकळ्या तोंडावर ७५ ओहमच्या मीटरऐवजी उच्च रोधाचा सीआरओ लावला, तर ७५ ओहमच्या आउटपुटचे व्होल्टेज जवळपास दुप्पट दिसेल, म्हणजे ६ डेसिबल जास्त. त्या आकड्यावर कोणी पुढची बेरीज मांडली तर प्रत्यक्ष केबल जोडल्यावर त्याला सहा डेसिबल कमी पडतील आणि तो कनेक्टर पुसत बसेल. प्रयोगवहींनी नेमके तेच केले आहे, फक्त त्यांच्या बाबतीत भार समान नसल्याने सहाऐवजी पावणेपाच गेले.

केबलवाला_वाई

हे मान्य. आमच्या मीटरच्या आतच ७५ ओहम असतात, याचा कधी वेगळा विचार केला नव्हता. तरी जोड तपासावेत, हे माझे म्हणणे कायम आहे.

प्रयोगवही

जोड तपासले, दोन तारा बदलल्या, फरक पडला नाही. मग सांगितल्याप्रमाणे मंडल जोडलेले ठेवून मोजमाप घेतले. दुसऱ्या बेसवर ४३ मिलिव्होल्ट पीक-टू-पीक मिळाले. लाट थोडी जाडसर दिसत होती, म्हणून सीआरओवर सरासरी लावून आकडा घेतला.

त्यावरून पहिल्या टप्प्याचा गेन ४३ भागिले १.९८, म्हणजे २१.७ पट, २६.७ डेसिबल. दुसऱ्याचा १.६५ व्होल्ट भागिले ४३ मिलिव्होल्ट, म्हणजे ३८.४ पट, ३१.७ डेसिबल. बेरीज ५८.४. म्हणजे जे मोजले तेच! दुसरा टप्पा एकटा असताना जेवढा होता जवळपास तेवढाच आहे, आणि सगळी घट पहिल्याच्या वाट्याला आली आहे. पण मला एक कळत नाही. ही बेरीज जुळणारच होती ना? मधला ४३ दोन्हीकडे असल्यामुळे तो कटून जातो. मग यातून सिद्ध काय झाले?

जुनी_सोल्डर

प्रश्न उत्तम आहे. खरे आहे, तीन ठिकाणी मोजलेल्या व्होल्टेजवरून काढलेली बेरीज जुळणारच. मधला आकडा तुम्ही चुकीचा वाचला असता, समजा ४३ ऐवजी ५० लिहिले असते, तरीही एकूण ५८.४ च आले असते. एका टप्प्याला जे जास्त मिळाले असते ते दुसऱ्याच्या खात्यातून कमी झाले असते. म्हणून एकूण बेरीज जुळली यावरून मधले मोजमाप बरोबर आहे असे कधीही समजू नये.

सिद्ध झाले ते वेगळे आहे. दुसऱ्या टप्प्याचा स्वतंत्रपणे मोजलेला गेन ३१.८ होता आणि जोडल्यावर ३१.७ राहिला, कारण त्याच्या आउटपुटवरचा भार बदलला नाही. तेव्हाही प्रोब होता, आताही प्रोबच आहे. पहिल्याचा ३१.८ वरून २६.७ वर आला, कारण त्याचा भार बदलला. म्हणजे टप्प्याचा गेन ही त्या टप्प्याची एकट्याची मालमत्ता नाही; पुढे काय जोडले आहे ते सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा आहे. हे तुमच्या मोजमापातून दिसले, बेरजेतून नव्हे.

खडू_फळा

मी तंत्रनिकेतनातच शिकवते, त्यामुळे हा धागा माझ्या कामाचा आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला यापुढची एक चूक नेहमी दिसते आणि ती इथे मांडावीशी वाटते. भाराचा परिणाम समजला की काही जण तो उत्साहाने दोनदा धरतात. पहिल्या टप्प्याचा गेन काढताना कलेक्टरचे ४.७ आणि पुढच्या टप्प्याचे ६.५ समांतर घेऊन २७.१ डेसिबल काढतात, आणि मग एकूण बेरजेत टप्प्यांमधली घट म्हणून पुन्हा ४.७ वजा करतात. उत्तर येते ५४, आणि प्रत्यक्ष मोजमाप त्यापेक्षा चार-पाच डेसिबलने अधिक निघते. मोजमाप हिशेबापेक्षा जास्त आले की विद्यार्थी खूश होतात आणि तपासत नाहीत, हा आणखी एक त्रास.

मी त्यांना सांगते की दोनच वाटा आहेत आणि एका वेळी एकीवरूनच चालायचे. एक वाट अशी की प्रत्येक टप्पा भार नसताना जेवढा गेन देतो तो लिहायचा आणि मधल्या डिव्हायडरला स्वतःची ओळ द्यायची: ३१.८, उणे ४.७, ३१.८, एकूण ५८.९. दुसरी वाट अशी की भारासह गेन लिहायचा आणि मधली ओळ ठेवायचीच नाही: २७.१ आणि ३१.८, एकूण तेच ५८.९. मला स्वतःला पहिली वाट आवडते, कारण तीत घट डोळ्यांसमोर राहते आणि ती कमी करता येईल का हा प्रश्न आपोआप पडतो. दुसऱ्या वाटेत ती घट गेनच्या पोटात लपते.

अकरावीला लॉग टेबल हाताळलेल्या मुलांना तोंडी अंदाजाची सवय लावली तर चुका लवकर सापडतात. दुपटीला ६ आणि दहापटीला २० एवढे लक्षात असले की ३९ म्हणजे जवळपास ४०, म्हणजे दोनदा दुप्पट आणि एकदा दहापट, म्हणजे ३२, हे कॅल्क्युलेटरशिवाय सांगता येते.

सहाशे_ओहम

माझ्या आक्षेपाला अजून उत्तर मिळालेले नाही. एक आदर्श ट्रान्सफॉर्मर घ्या, ज्याच्या दुय्यम गुंडाळीत दहापट वेढे आहेत. आपल्या पद्धतीने त्याचा गेन २० डेसिबल ठरतो. पण त्यातून बाहेर पडणारी शक्ती आत शिरणाऱ्या शक्तीपेक्षा कणभरही जास्त नसते, म्हणजे खरा गेन शून्य डेसिबल आहे. एकाच वस्तूला २० आणि शून्य अशी दोन्ही उत्तरे देणारे माप मला पटत नाही. काट्याच्या जुन्या मल्टिमीटरवर डेसिबलची पट्टी असते, तिच्यावर ०.७७५ व्होल्टला शून्य लिहिलेले असते, कारण ६०० ओहममध्ये १ मिलिवॅट शक्ती तेवढ्या व्होल्टेजला मिळते. तो मीटर दुसऱ्या कुठल्याही रोधावर लावला तर पट्टीवरचा आकडा शक्ती म्हणून खोटा ठरतो. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी रोध पट्टीशेजारीच छापला.

जुनी_सोल्डर

ट्रान्सफॉर्मरचे उदाहरण अचूक आहे आणि त्यावर माझा वाद नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की २० डेसिबल हा त्याचा व्होल्टेज गेन आहे आणि शून्य हा शक्ती गेन आहे. दोन वेगळ्या राशींची दोन उत्तरे आली यात विसंगती नाही. व्होल्टेजच्या गुणोत्तरांची साखळी आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्होल्टेजमध्येच ठेवली, तर प्रत्येक कडीचा रोध काहीही असला तरी बेरीज तंतोतंत जुळते, कारण ती लॉगॅरिदमची ओळख आहे, विद्युतशास्त्राचा नियम नव्हे. बिघडते तेव्हा, जेव्हा साखळीच्या मध्येच कोणी शक्तीचा आकडा व्होल्टेजच्या आकड्यांत मिसळतो. प्रयोगवहींच्या हिशेबात तसे झालेले नाही, म्हणून समान रोधाचे टप्पे बांधा हा सल्ला त्यांना उपयोगी नाही. तसे बांधले असते, म्हणजे इनपुटही ४.७ किलो-ओहम केला असता, तर मधली घट वाढून पूर्ण ६ डेसिबल झाली असती.

सहाशे_ओहम

शेवटचे वाक्य मान्य करतो. पण मग त्या राशीला दुसरे नाव द्यायला हवे होते. एकाच एककाखाली दोन राशी चालवल्या की तंत्रज्ञ गोंधळणार, आणि या धाग्यावरूनच ते दिसते.

ब्रेडबोर्ड_बहाद्दर

चर्चा मोठी झाली, उपाय कोणीच सांगत नाही. दोन टप्प्यांच्या मध्ये एक एमिटर फॉलोअर टाका. पहिल्या कलेक्टरवर आधीच ६ व्होल्ट डीसी आहेत, त्यामुळे फॉलोअरचा बेस थेट तिथेच जोडता येतो, बायसचे वेगळे रेझिस्टर लागत नाहीत. कलेक्टर १२ व्होल्टला, एमिटरला ४.७ किलो-ओहम जमिनीकडे, आणि तिथून तोच १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुढे. एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर, एवढाच खर्च.

खडू_फळा

हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. फॉलोअरचा स्वतःचा व्होल्टेज गेन एकापेक्षा किंचित कमी असतो, म्हणजे डेसिबलच्या यादीत त्याची ओळ ऋणच येते. तरीही तो टाकल्यावर एकूण गेन वाढतो. ज्यांनी भाराचा विचार केलेला नाही त्यांना हे अशक्य वाटते. यादी मांडली की कोडे उलगडते: त्याचा इनपुट रोध सहा-सातशे किलो-ओहमच्या घरात असल्याने पहिल्या कलेक्टरची घट ४.७ वरून शतांशांवर येते, आणि फॉलोअरची स्वतःची घट धरूनही दोन्ही मिळून उणे ०.१ च्या आसपास राहतात. मोठी ऋण ओळ खोडून तिच्या जागी लहान ऋण ओळ लिहिली, इतकेच घडले.

सहाशे_ओहम यांनाही यात काही सापडेल, कारण फॉलोअर व्होल्टेज देत नाही पण शक्ती भरपूर देतो.

प्रयोगवही

फॉलोअर टाकला. तेच १.९८ मिलिव्होल्ट इनपुट दिले, आउटपुट २.८३ व्होल्ट पीक-टू-पीक मिळाले. म्हणजे १४२९ पट, ६३.१ डेसिबल. एका ट्रान्झिस्टरने पावणेपाच डेसिबल परत मिळाले.

पण हिशेब मांडला तर ३१.८, उणे ०.१ आणि दुसऱ्या टप्प्याचे प्रत्यक्ष मोजलेले ३१.७ मिळून ६३.४ व्हायला हवेत. ०.३ कमी आहेत. आधीच्या, फॉलोअर नसलेल्या मंडलातही दुसऱ्याचे ३१.७ च धरले तर हिशेब ५८.८ येतो आणि मोजले ५८.४, म्हणजे तिथेही तेवढेच कमी. हे ०.३-०.४ कुठून येतात?

जुनी_सोल्डर

मधे फॉलोअर आला, भार बदलला, आणि तरीही तूट जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे तिचे कारण टप्प्यांच्या मध्ये नसावे, तर दोन्ही मोजमापांत समान असलेल्या एखाद्या गोष्टीत असावे. माझा पहिला संशय जनरेटरपुढच्या १० किलो-ओहम आणि १०० ओहमच्या डिव्हायडरवर आहे. बेसला १.९८ मिलिव्होल्ट पोहोचतात हा आकडा तुम्ही मोजलेला नाही, रेझिस्टरवरच्या रंगांवरून काढलेला आहे. पट्टा सोनेरी असेल तर प्रत्येक रेझिस्टर ५ टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो. दोन्ही विरुद्ध दिशांनी चुकले तर गुणोत्तरात जवळपास १० टक्के, म्हणजे ०.८ डेसिबलपर्यंत फरक पडतो. तुमच्या तुटीला साडेतीन-चार टक्के पुरेसे आहेत. दोन्ही रेझिस्टर मंडलातून काढून डिजिटल मल्टिमीटरने मोजा आणि खऱ्या गुणोत्तराने हिशेब पुन्हा मांडा.

खडू_फळा

सीआरओलाही इतक्या सहज निर्दोष ठरवू नये. साध्या डिजिटल सीआरओची उभ्या मापातली अचूकता ३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे एकट्या त्यातूनच पाव डेसिबल येऊ शकतो. सुट्या टप्प्याचा गेन काढताना ५० मिलिव्होल्ट आणि १.९५ व्होल्ट हे आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाचले असणार. रेझिस्टर बरोबर निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रयोगवही

मल्टिमीटर सध्या मैत्रिणीकडे आहे, आला की मोजून लिहीन. तोवर सोनेरी पट्टा दोन्हींवर आहे एवढे सांगते.

ब्रेडबोर्ड_बहाद्दर

माझाही एक प्रश्न याच धाग्यात विचारतो. मी असेच दोन टप्पे बांधून शेवटी ३२ ओहमचा हेडफोन लावला, तर काहीच ऐकू आले नाही. मग तुमच्यासारखी यादी मांडली. ४.७ किलो-ओहमच्या पुढे ३२ ओहम म्हणजे उणे ४३ डेसिबल, तेव्हा आवाज गेला यात नवल नाही. म्हणून शेवटीही फॉलोअर टाकला. हिशेबाने आता फक्त सात डेसिबल जायला हवेत, म्हणजे १.६५ व्होल्टचे ०.७ तरी उरावेत. प्रत्यक्षात आवाज आला, पण फाटका आणि घोगरा. हेडफोन खराब आहे का?

जुनी_सोल्डर

हेडफोन बहुधा ठीक आहे. यादी बरोबर मांडली आहे, पण ती जिथे चालते त्याच्या बाहेर वापरली आहे. सात डेसिबलचा हिशेब लहान संकेतासाठी खरा आहे. आपल्या फॉलोअरमधून स्थिर प्रवाह १.१ मिलिॲम्पिअर वाहतो आणि लाट खाली जाताना भाराला त्याहून जास्त प्रवाह देण्याची सोय त्याच्याकडे नाही. ३२ ओहममध्ये १.१ मिलिॲम्पिअर म्हणजे शिखराला ३५ मिलिव्होल्ट. आपण त्याच्याकडून ३५० हून अधिक मागत आहात, म्हणून लाटेची खालची बाजू सपाट होते आणि आवाज फाटतो. सीआरओ लावला तर एकच बाजू कापलेली दिसेल.

डेसिबलच्या यादीत गेन असतो, मर्यादा नसते. जनरेटरचे २०० मिलिव्होल्ट डिव्हायडर न लावता प्रयोगवहींच्या मंडलाला दिले, तर यादी दीडशे व्होल्टच्या वरचे आउटपुट सांगेल, आणि पुरवठा आहे १२ व्होल्टचा. म्हणून मी प्रत्येक ओळीपुढे त्या ठिकाणी अपेक्षित असलेले व्होल्टेज आणि तिथला टप्पा न कापता जास्तीत जास्त किती देऊ शकतो, असे दोन आकडे लिहितो. आपल्यासाठी उपाय म्हणजे फॉलोअरचा स्थिर प्रवाह वाढवणे. ०.३५ व्होल्टचे शिखर ३२ ओहममध्ये हवे तर ११ मिलिॲम्पिअर लागतात, म्हणजे एमिटरला ४.७ किलो-ओहमऐवजी साधारण ४७० ओहम घेऊन पाहा. प्रवाह वाढला की फॉलोअरचा आतला रोध २२ वरून दोन-अडीच ओहमवर येईल, पण त्याचा इनपुट रोधही कमी होऊन मागच्या कलेक्टरवरची घट वाढेल, तेव्हा ते सात डेसिबलही पुन्हा काढावे लागतील.

सहाशे_ओहम

आणि या शेवटच्या टप्प्यात ज्याची गरज आहे ती शक्तीच आहे, एवढी नोंद करून ठेवतो.